कलांचोला पुन्हा फुलं आणायची तर: लांब रात्र आणि खताला सुट्टी

प्रश्न: "माझ्याकडे लाल फुलांचा कलांचो आहे. आणला तेव्हा फुलांनी भरलेला होता, दोन महिने फुलं टिकली. ती गेली ती गेलीच, आता दीड वर्ष झालं. पानं हिरवीगार आहेत, उंचीही वाढतेय. हॉलच्या खिडकीत असतो, सकाळी तीन-चार तास ऊन मिळतं, दर पंधरा दिवसांनी खत देते. कोणी म्हणतं रात्री खोक्याखाली झाकून ठेव. खरंच उपयोग होतो का? किती दिवस झाकायचं? आणि खत बंद करू का?"

उत्तर:

उपयोग होतो. सहा आठवडे, रोज सलग चौदा तास पूर्ण अंधार द्या आणि तेवढे दिवस खत थांबवा. पण आज रात्रीपासून झाकायला घेऊ नका, आधी थोडी तयारी लागेल. शिवाय खोका घातलाय म्हणजे अंधार झालाय असं नसतं. बहुतेकांचा प्रयोग तिथेच फसतो.

तुमच्या वर्णनावरून झाडाला आजार काही नाही. दीड वर्षात त्याला फुलायचा इशाराच मिळालेला नाही, आणि याला कारण हॉल. हॉलमध्ये दिवे रात्री दहा-अकरापर्यंत चालू असतात. बाहेर सहाला अंधार पडला तरी तुमच्या कलांचोचा दिवस पंधरा-सोळा तासांचाच राहतो, बाराही महिने. एवढ्या लांब दिवसात तो पानं आणि उंची वाढवत बसतो. फुलांनी भरलेली कुंडी विकायला येते तेव्हा तिच्या मागेही असाच अंधार असतो. पिकवणारे लोक हरितगृहात संध्याकाळी काळं कापड ओढून रात्र मोठी करतात, म्हणून तर कलांचो वर्षभर फुललेला मिळतो.

कलांचो रात्रीचा अंधार मोजतो. पानांत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. उजेडात ते एका रूपात असतं आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात जातं. अंधार पुरेसा लांबला, सलग राहिला, की पानातून शेंड्याकडे फुलायचा निरोप जातो. मधेच दिवा लागला तर हे रूपांतर उलटतं आणि त्या रात्रीची मोजणी फुकट जाते. म्हणजे सात तास अंधार, मग काही मिनिटं दिवा आणि पुन्हा सात तास अंधार, याला झाड चौदा तासांची रात्र मानत नाही. त्याच्या लेखी त्या दोन छोट्या रात्री झाल्या. रात्री उठून "कळ्या आल्या का" म्हणून टॉर्च मारणारे उत्साही लोक मला बरेच भेटलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

काठावरची रात्र साधारण बारा तासांची धरा. त्याहून लहान रात्रीत झाड फुलत नाही, बारा-साडेबाराला रेंगाळत फुलतं आणि चौदाला खात्रीने फुलतं. जातीनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून घरी चौदाच धरलेले बरे.

हा निरोप पानातून निघतो आणि ज्या बाजूचं पान, मुख्यतः त्याच बाजूला पोचतो. एका बाल्कनीतला कलांचो मला दाखवायला आणला होता. अर्धं झाड कळ्यांनी लगडलेलं आणि अर्धं नुसतं पानांचं. कुंडी कधी फिरवली नव्हती. विचारल्यावर कळलं, पानांची बाजू रस्त्याच्या दिव्याकडे होती. फुललेल्या बाजूवर झाडाचीच सावली पडत होती, तिला रात्र मिळाली. दिव्यासमोरच्या पानांना ती मिळालीच नाही. १९४० च्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रिखार्ड हार्डर यांनी याच झाडावर असे प्रयोग केले होते. एखाद्याच पानाला लांब रात्र दिली तर त्या पानाच्या बाजूच्या फांद्या फुलतात, असं त्यांना दिसलं. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच की अंधार सगळ्या झाडाला हवा. खोका एका बाजूने उचललेला राहिला तर झाड अर्धवट फुलेल.

आता तयारीकडे येऊ. दीड वर्ष खिडकीत वाढलेला कलांचो बहुधा खालून काटकुळा झालेला असतो. दोन पानांतलं अंतर वाढलेलं, खोड उघडं आणि पानं सगळी टोकाला. अशा झाडाला थेट अंधार दिला तरी फुलेल, पण दोन-तीन टोकांनाच तुरे येतील आणि ते वजनाने वाकतील. म्हणून आधी छाटा. जुने वाळलेले फुलांचे दांडे बुडापासून काढा. प्रत्येक फांदी खालच्या दोन-तीन पानांच्या जोड्या ठेवून पेराच्या थोडं वर कापा. पानांच्या बगलेतून फुटवे येतील. फुटवे जितके जास्त, तितकी टोकं जास्त, आणि तुरा येतो तो टोकावरच. कापलेले शेंडे टाकू नका. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग निचऱ्याच्या मातीत खोचा. मूळ धरतात.

छाटणीनंतर नव्या फुटव्यांना पानांच्या निदान तीन-चार जोड्या येईपर्यंत थांबा. निरोप पानातूनच जाणार असल्यामुळे कोवळ्या, दोन पानांच्या फुटव्यावर अंधार वाया जातो. याला वाढीच्या हवामानात सहा ते आठ आठवडे लागतात, थंडीत किंवा कमी उजेडात जास्त. या काळात दिवस लांबच राहू द्या, हॉलमधले दिवे इथे उपयोगीच पडतात. खतही याच काळात द्यायचं, त्याकडे पुढे येतो.

अंधाराची वेळ तुमच्या सोयीने ठरवा, पण एकदा ठरली की पाळा. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ ही बहुतेकांना जमते. सातला ऑफिसमधून येणारा माणूस सात ते नऊ ठेवू शकतो, फक्त सकाळी नऊनंतर खिडकीत ऊन असायला हवं. तुमचं ऊन सकाळचं आहे, त्यामुळे तुम्ही अंधार लवकर सुरू करून लवकर संपवा. पाच ते सात सर्वांत उत्तम. उरलेल्या दहा तासांत झाडाला भरपूर उजेड हवा. फुलांचं अन्न त्याच उजेडातून तयार होतं. रात्र बरोबर असून दिवसा कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाला कळ्या येतात, पण मोजक्या.

झाकायला पुठ्ठ्याचा खोका चालतो, पण त्याच्या फटी बघा. वरच्या झडपा जिथे भेटतात तिथे आणि पकडायच्या भोकांतून हॉलचा प्रकाश आरामात आत जातो. फटींवर काळा कागद चिकटवा. पातळ चादर, पांढरा टॉवेल किंवा साधी प्लास्टिकची पिशवी यांना अंधार म्हणू नका. तपासायची सोपी रीत अशी: खोका रिकामा उलटा धरा, डोकं आत घाला, दिवा चालू ठेवा आणि पाच मिनिटं डोळे सरावू द्या. हाताची बोटं दिसली तर झाडालाही दिसणार. खोक्याऐवजी वापरात नसलेलं कपाट किंवा रात्री कोणी न जाणारी खोली आणखी चांगली, अट इतकीच की तिथे बाहेरच्या दिव्याचा उजेड येत नसावा.

झाकण हवाबंद मात्र नको. कलांचो मांसल पानांचा आहे, पाणी वाचवण्यासाठी तो रात्री रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, आणि लहान दिवसांत ही सवय आणखी वाढते. प्लास्टिकमध्ये गच्च बांधलं तर त्याची ही वेळ वाया जाते आणि आत घाम धरून पानांवर बुरशी येते. खोका झाडापेक्षा ऐसपैस असावा.

दुसरी अडचण उष्णतेची. संध्याकाळी पाचला ऊन असताना झाड झाकलं तर आतलं तापमान पटकन चढतं. कलांचोला अंधारात साधारण सोळा ते एकवीस अंश आवडतं. पंचवीसच्या वर रात्री जात राहिल्या तर अंधार अगदी चोख असूनही कळ्या उशिरा धरतात किंवा विरळ येतात. तुमच्याकडे रात्री उकाड्याच्या असतील तर हा प्रयोग थंड महिन्यांपर्यंत पुढे ढकला. घरातली सर्वांत गार जागा वापरली तरी फरक पडतो, पण उकाड्यात सहा आठवड्यांचे आठ होतील हे धरून चाला.

एखादी रात्र चुकली तर काय, हे सगळे विचारतात. पाहुणे आले, झाकायचं राहिलं, दिवे रात्रभर चालू होते. एका चुकलेल्या रात्रीने सगळं फुकट जात नाही. पण ती फक्त शून्य धरूनही चालत नाही. मधे आलेला एक लांब दिवस आधीच्या दीड-दोन रात्रींची कमाईही पुसतो. म्हणून प्रत्येक चुकलेल्या रात्रीमागे शेवटी तीन रात्री वाढवा. आठवड्यातून दोनदा चुकत असेल तर सहा आठवडे झाकूनही हाती फारसं काही लागणार नाही, आणि "खोक्याने काही होत नाही" असं म्हणणारे बहुतेक या गटातले असतात. चुकलेली रात्र दुसऱ्या दिवशी अठरा तास झाकून भरून काढायचा प्रयत्न करू नका, त्याने फक्त ऊन कमी होतं.

आता खत. फुलं सुरू करणारी गोष्ट रात्र आहे, खताची विश्रांती तिला साथ देते. खत वर्षभर बंद ठेवलं आणि दिवे रात्री अकरापर्यंत चालू राहिले तर कलांचो फुलणार नाही, फक्त पिवळट होईल. तरी थांबवायचं कशासाठी? नत्र मिळत राहिलं की झाड मऊ, मोठी पानं काढत राहतं. दिवस दहा तासांचा झाल्यावर त्याची भूकही कमी होते. न वापरलेले क्षार कुंडीत साठतात, मुळांची टोकं जळतात आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. हरितगृहातले लोक याही काळात थोडं खत देतात हे खरं, पण त्यांच्याकडे उजेड भरपूर असतो. घरच्या खिडकीत तेवढा नसतो, त्यामुळे सुट्टी देणंच शहाणपणाचं.

तुम्ही दर पंधरा दिवसांनी देताय, म्हणजे मातीत आधीच भरपूर असणार. अंधार सुरू करायच्या आठवडाभर आधी शेवटचं खत थांबवा आणि एकदा कुंडीत खालून पाणी वाहून जाईल इतकं साधं पाणी घाला. कुंडीच्या कडेला पांढरी साय दिसत असेल तर हे दोनदा करा, मधे माती सुकू देऊन. हळू विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या टाकलेल्या असतील तर त्या वरून दिसतील तेवढ्या वेचून काढा, नाहीतर तुम्ही सुट्टी जाहीर केलीत तरी गोळ्या काम करतच राहतात. गांडूळखताचा वरचा थरही खरवडून काढलेला बरा. "पोटॅश दिलं की फूल येतं" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. पालाश झाडाला लागतं, पण रात्रीची जागा ते घेऊ शकत नाही.

पाणी कमी करा, तोडू नका. वरची दोन-अडीच सेंटिमीटर माती कोरडी लागली की द्या, बशीत साचलेलं ओतून टाका. झाडाला तहानेने सुकवलं की फुलतं असा एक समज आहे. कलांचोत त्याने खालची पानं सुरकुततात आणि कळ्या आल्या असतील तर त्या गळतात.

तुमचंच झाड धरून हिशेब मांडतो. समजा आज छाटलंत. सात आठवड्यांत फुटव्यांना पानांच्या तीन-चार जोड्या आल्या. सातव्या आठवड्यात खत थांबवलं, माती धुतली. आठव्या आठवड्यापासून रोज पाच ते सात खोका. पहिले दोन-तीन आठवडे काहीच दिसणार नाही, इथे लोक कंटाळून सोडतात. चौथ्या आठवड्याच्या आसपास शेंडा बघा. नवी पानं लहान आणि अरुंद निघू लागतात आणि टोकाची जोडी थोडी वर उचलल्यासारखी दिसते, कारण तिच्याखालचं पेर लांबायला लागलेलं असतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वरच्या दोन पानांच्या मधे मोहरीएवढे हिरवे मणी गोळा झालेले दिसतात. त्या कळ्या. पाहायचं ते दिवसा उजेडात, खोका काढल्यावर.

कळ्यांचा गुच्छ बहुतेक टोकांवर स्पष्ट दिसला की खोका बंद करता येतो. त्यानंतर दिवस लांब झाले तरी कळ्या पुढे वाढतात. माझी सवय मात्र सगळे फुटवे कळीला येईपर्यंत झाकायची आहे, कारण एकाच झाडावर पुढेमागे असतंच, आणि घाईने थांबवलं की मागे राहिलेले फुटवे परत पानांवर जातात. कळ्या दिसल्या की खत पुन्हा सुरू करा, डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने, दोन-तीन आठवड्यांतून एकदा, नत्र कमी असलेलं. मणी दिसल्यापासून रंग दिसेपर्यंत आणखी पाच ते आठ आठवडे जातात, गारव्यात जास्त. म्हणजे अंधाराच्या पहिल्या रात्रीपासून फुलापर्यंत अडीच ते साडेतीन महिने. एखाद्या ठरावीक दिवशी फुललेला हवा असेल तर त्या तारखेपासून चौदा आठवडे मागे मोजा आणि छाटणीसाठी आणखी दोन महिने मागे जा.

बिघडलं तर ते कुठे बिघडलं, हे झाडच दाखवतं. तुऱ्याच्या फांद्या फुटल्या पण त्यांवर कळ्यांऐवजी बारीक पानं आली, तर झाडाने सुरुवात केली होती आणि मधेच रात्र तुटली किंवा तुम्ही लवकर थांबलात. खोका पुन्हा सुरू करा. सहा आठवड्यांत शेंडा जराही बदलला नाही, पानं आधीसारखीच रुंद निघताहेत, तर अंधारात गळती आहे. डोकं खोक्यात घालायची चाचणी परत करा. कळ्या धरल्या आणि सुकून गळाल्या, तर रात्र नीट होती, गडबड पाण्यात किंवा उष्णतेत आहे. कळ्यांचे देठ लांबुळके, फिके आणि झुकलेले असतील तर दिवसाचा उजेड कमी पडतोय.

खोक्याशिवाय जमतं का? जमतं, जिथे हिवाळ्यात रात्री साडेबारा-तेरा तासांच्या होतात आणि झाडाजवळ रात्री कुठलाच दिवा नसतो. अशा जागी ठेवलेलं झाड आपोआप फुलतं. संधिप्रकाशही झाड उजेडातच धरतं, म्हणून पंचांगातल्या सूर्यास्तावरून रात्र मोजू नका, वीस-पंचवीस मिनिटं दोन्ही बाजूंनी वजा करा. विषुववृत्ताजवळ रात्र वर्षभर बारा तासांच्या आसपास घुटमळते, तिथे मात्र झाकण्यावाचून भागत नाही.

एक खबरदारी: हे सगळं फुलांच्या दुकानात मिळणाऱ्या, चकचकीत पानांच्या आणि गुच्छाने फुलणाऱ्या कलांचोसाठी आहे. पानांच्या कडेला पिल्लं येणारी त्याची भावंडंही याच नावाने विकली जातात. त्यातल्या काहींना आधी काही आठवडे लांब दिवस आणि मग लांब रात्री, अशा क्रमानेच फुलं येतात, त्यामुळे वरचा हिशेब त्यांना जसाच्या तसा लावू नका. तुमचं कोणतं हे पानांचा फोटो टाकलात तर लगेच सांगता येईल. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर छाटलेले तुकडे जमिनीवर पडू देऊ नका, झाडाच्या सगळ्या भागांत, फुलांत तर जास्तच, हृदयावर परिणाम करणारं विष असतं.